बँकेला अर्ज लिहिताना : सोबतच्या कागदांची यादी



आपल्या अक्कलकोट तालुक्यात अर्ज लिहिणे कुणाला नवे नाही. पीक कर्जाचा अर्ज असतो, हप्ते पाडून मागण्याचा असतो, व्याज चुकीचे लागले म्हणून तक्रारीचा असतो. अर्जात आपण मनापासून लिहितो, खाली सही करतो, शेवटी 'सोबत कागदपत्रे जोडली आहेत' अशी एक ओळ टाकतो आणि टाचणीने आठ-दहा कागद अडकवून देतो. पुढे दोन महिने काहीच घडत नाही. चौकशीला गेले की उत्तर मिळते, "अण्णा, तुमच्या कागदांत मेळ बसत नाही."

बहुतेक वेळा कागद खोटे नसतात आणि अपुरेही नसतात. कोणता कागद अर्जातल्या कोणत्या वाक्यासाठी लावला, हे वाचणाऱ्याला कळत नाही, एवढेच. ते कसे कळवायचे, हे या लेखात एका उदाहरणाने पाहू. विषय छोटा आहे, पण त्यावर घरातल्या पुढच्या दोन-तीन वर्षांचा पैसा अडकलेला असू शकतो.

समोर बसलेला माणूस काय करतो?

शाखेतला कर्ज विभागाचा अधिकारी आपला अर्ज हातात घेतो, तेव्हा त्याला आपले शेत माहीत नसते. पुरात आपली गंज वाहून गेली, हे त्याने पाहिलेले नसते. तो पेन्सिल घेतो आणि अर्जातल्या एकेका आकड्याखाली रेघ मारतो. जमीन किती? पीक कोणते? नुकसान किती क्षेत्राचे? कर्ज कधीचे? प्रत्येक रेघेसाठी त्याला एक कागद लागतो, आणि त्या कागदावर नेमकी एक ओळ लागते. ती सापडली की तो बरोबरची खूण करतो. सापडली नाही की बाजूला प्रश्नचिन्ह काढतो. प्रश्नचिन्हे दोन-तीन झाली की अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो.

शिवाय असा अर्ज पुष्कळदा एका टेबलावर थांबत नाही. शाखेतून तो वरच्या कार्यालयात जातो. तिथे आपण समजावून सांगायला उभे नसतो. आपल्या वतीने तिथे बोलते ती फक्त अर्जाखालची यादी. सरकारी पत्रव्यवहारात या जोडलेल्या कागदांना 'सहपत्रे' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

उदाहरण २०२० सालच्या पुराचे

१४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आपल्या तालुक्यातली माणसे विसरणार नाहीत. बोरी नदीला पूर आला आणि काठावरच्या शिवारात पाणी घुसले. १९ ऑक्टोबरला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीसाठी आपल्या तालुक्यात येऊन गेले. २३ ऑक्टोबरला राज्य सरकारने मदत जाहीर केली. ती जिरायत व बागायत पिकांसाठी हेक्टरी १०,००० रुपये आणि फळबागांसाठी हेक्टरी २५,००० रुपये अशी होती, आणि तिला दोन हेक्टरची मर्यादा होती.

मदत मिळाली तरी पीक कर्ज डोक्यावर होतेच. अशा वेळी अल्पमुदतीच्या पीक कर्जाचे मुदतीच्या कर्जात रूपांतर करून हप्ते पाडून देण्याची सोय असते. त्याला पुनर्गठन म्हणतात. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. मुद्दल राहते, व्याजही चालू राहते, फक्त फेडायला वेळ मिळतो.

त्या वेळी व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे २०१८ सालचे निर्देश लागू होते. ३३ ते ५० टक्के पीक नुकसान असेल तर परतफेडीची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची, आणि ५० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. दोन्हींत पहिले एक वर्ष वसुलीला सवलत धरलेली होती. आणखी एक अट होती. आपत्ती आली त्या दिवशी जे कर्ज आधीच थकीत होते, ते यात बसत नव्हते. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. असे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून आज अर्ज करणाऱ्याने आजचा नियम शाखेत विचारून घ्यावा. कागद लावण्याची रीत मात्र तीच राहते.

आता आपण असे समजू, की बोरीकाठच्या एका खातेदाराची २ हेक्टर ४० आर जमीन आहे, म्हणजे साधारण सहा एकर. २०२० च्या खरिपात त्याने १ हेक्टर २० आर सोयाबीन, ८० आर तूर आणि ४० आर उडीद केला. जून महिन्यात १,१०,००० रुपये पीक कर्ज उचलले. उडीद सप्टेंबरात निघाला आणि विकला गेला. पुरात काढून ठेवलेले सोयाबीन गेले आणि उभी तूर पाण्याखाली राहून वाळली.

पहिला अर्ज : मनातला

असा खातेदार घाईत काय लिहील? "साहेब, पुरात माझे सहा एकरांतील सर्व पीक वाहून गेले, मी पूर्ण उद्ध्वस्त झालो आहे, तरी कर्जाचे हप्ते पाडून द्यावेत ही विनंती. सोबत कागदपत्रे जोडली आहेत."

यात दुःख खरे आहे, पण वाचणारा अडकतो. 'सहा एकर' म्हटले, आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर, नेमके सांगायचे तर ४०.४७ आर. सहा एकर आणि २ हेक्टर ४० आर यांचा तंतोतंत मेळ बसत नाही. 'सर्व पीक' म्हटले, पण सातबाऱ्याच्या पीकपाहणीत उडीद आहे, आणि उडीद हे सत्तर-ऐंशी दिवसांचे पीक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रानात राहत नाही, हे आपल्या भागातल्या बँकेत बसणाऱ्याला चांगले ठाऊक असते. पंचनाम्यात फक्त सोयाबीन आणि तूर आहे. म्हणजे 'सर्व' हा एक शब्द सातबारा आणि पंचनामा या दोन्ही कागदांशी भांडतो. एक विधान खोटे वाटले, की वाचणारा उरलेल्या खऱ्या विधानांकडेही संशयाने बघू लागतो.

दुसरा अर्ज : कागदाला धरून

तोच अर्ज आता अशा रीतीने लिहू, की प्रत्येक विधानाला क्रमांक आणि प्रत्येक विधानापुढे त्याचा कागद असेल.

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे नाव), शाखा अक्कलकोट
दिनांक : १ डिसेंबर २०२०

विषय : पीक कर्ज खाते क्रमांक (…) चे पुनर्गठन होऊन हप्ते पाडून मिळण्याबाबत.

महोदय,

१. मौजे (…) येथे माझ्या नावे एकूण २ हेक्टर ४० आर जमीन आहे. (सहपत्र १)

२. खरीप २०२० साठी आपल्या शाखेतून १५ जून २०२० रोजी १,१०,००० रुपये पीक कर्ज घेतले. १४ ऑक्टोबर २०२० रोजी हे खाते थकीत नव्हते. (सहपत्र २)

३. या हंगामात सोयाबीन १ हेक्टर २० आर, तूर ८० आर व उडीद ४० आर अशी पिके होती. (सहपत्र ३)

४. उडीद पुराआधी काढून विकला. २ क्विंटल ५० किलो मालाचे १४,५०० रुपये आले. (सहपत्र ४)

५. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत सोयाबीन १ हेक्टर २० आर व तूर ८० आर, असे एकूण २ हेक्टर क्षेत्र बाधित झाल्याची नोंद पंचनाम्यात आहे. (सहपत्र ५) पिकाखालील २ हेक्टर ४० आरपैकी हे क्षेत्र सुमारे ८३ टक्के होते. (सहपत्र ३ व ५ वरून)

६. शासकीय मदतीचा पहिला हप्ता म्हणून आजवर १०,००० रुपये बचत खात्यात जमा झाले. (सहपत्र ६) याच पासबुकात दिसणारी दुधाची जमा घरखर्चास लागते, हे माझे स्वतःचे निवेदन आहे. त्यास वेगळा कागद नाही.

७. उडदाचे १४,५०० व मदतीचे १०,००० मिळून २४,५०० रुपये होतात. त्यातून ३१ मार्च २०२१ पर्यंत कर्जाचा भरणा होणार नाही. तरी नियमाप्रमाणे कर्जाचे पुनर्गठन करावे, ही विनंती.

आपला, (सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन)

आणि सहीच्या खाली यादी :

सहपत्रे : एकूण ६, पाने १०

सहपत्र १. गाव नमुना ८-अ चा उतारा, दिनांक (…). पाने १. एकूण क्षेत्राची ओळ पाहावी.

सहपत्र २. पीक कर्ज खात्याचा उतारा, १ एप्रिल २०१९ ते ३० नोव्हेंबर २०२०. पाने २. १५ जून २०२० ची उचल, आणि मागील कर्जाच्या फेडीची नोंद पाहावी.

सहपत्र ३. सातबारा उतारा, गट क्रमांक (…), दिनांक (…). पाने २. गाव नमुना १२ मधील २०२० खरीप पीकपाहणी पाहावी.

सहपत्र ४. उडीद विक्रीची आडत पट्टी, क्रमांक (…), दिनांक (…) सप्टेंबर २०२०. पाने १. वजन व रक्कम.

सहपत्र ५. पीक नुकसानीच्या पंचनाम्याच्या यादीची नक्कल, तहसील कार्यालय, दिनांक (…). पाने २. माझे नाव अनुक्रमांक (…) वर आहे.

सहपत्र ६. बचत खात्याच्या पासबुकाची प्रत, ऑक्टोबर ते नोव्हेंबर २०२०. पाने २. मदतीच्या जमेवर खूण केली आहे.

सर्व प्रती स्वसाक्षांकित. मूळ कागद माझ्याजवळ आहेत, मागितल्यास दाखवीन.

यादीच्या ओळीत काय काय हवे?

वरची यादी जरा बारकाईने पाहा. प्रत्येक ओळीत कागदाचे नाव आहे, तो कुणी दिला किंवा कशाचा आहे ते आहे, त्याचा क्रमांक वा दिनांक आहे आणि पाने किती ते आहे. नुसते 'सातबारा' किंवा 'बँकेचे कागद' असे लिहिलेले नाही. दिनांकाला महत्त्व आहे, कारण सातबारा वर्षभरात बदलतो. गेल्या वर्षीचा उतारा लावला, तर त्यात गेल्या वर्षीचे पीक दिसेल आणि आपले तिसरे विधान उघडे पडेल.

पानांची संख्या लिहिण्याचे कारणही साधे आहे. अर्ज टेबलावरून टेबलावर जाताना एखादे पान निसटते. 'पाने १०' असे लिहिलेले असेल आणि हातात नऊ आली, तर पान हरवले हे लगेच कळते. लिहिले नसेल, तर कागद आपण जोडलाच नव्हता असे धरले जाते.

सर्वांत उपयोगाचे म्हणजे शेवटचे वाक्य : कुठली ओळ पाहावी. पंचनाम्याची यादी गावभराची असते. साठ-सत्तर नावांत आपले नाव शोधायला लावू नये, अनुक्रमांक सांगावा. पासबुकात मदतीच्या जमेसमोर पेन्सिलीने बारीक खूण करावी. प्रतीवर खूण चालते. मूळ कागदावर मात्र रेघ मारू नये आणि काही लिहू नये, नाहीतर त्यात फेरफार केल्याचा संशय येतो. प्रत्येक प्रतीच्या उजव्या कोपऱ्यात 'सहपत्र १', 'सहपत्र २' असे ठळक लिहावे, आणि कागद त्याच क्रमाने लावावेत.

हमखास विसरला जाणारा कागद

या सहांपैकी आपण कोणता विसरतो? माझ्या नोकरीतल्या अनुभवाने सांगतो : दुसरा. पुराचे फोटो, वर्तमानपत्राचे कात्रण, सरपंचाचा दाखला हे सगळे लोक आठवणीने लावतात. पण पूर आला त्या दिवशी आपले कर्ज थकीत नव्हते, हे दाखवणारा खात्याचा उतारा लावत नाहीत. त्यांना वाटते, बँकेचेच खाते आहे, बँकेला माहीत असणारच. शाखेला माहीत असते, हे खरे. पण अर्ज वरच्या कार्यालयात गेला, तर तिथल्या माणसाच्या हातात फक्त आपले कागद असतात. ज्या अटीवर मागणी टिकते किंवा पडते, त्या अटीचा पुरावा प्रथम लावावा. म्हणून अर्ज लिहिण्याआधी शाखेत दोन प्रश्न विचारावेत : "या मागणीला अटी कोणत्या? आणि प्रत्येक अटीला तुम्हाला कोणता कागद चालेल?" उत्तर कागदावर टिपून घ्यावे.

उतारा किती मागे जाऊन घ्यावा, हेही त्या अटीवरून ठरते. जून ते नोव्हेंबर एवढाच उतारा लावला असता, तर नवी उचल दिसली असती, पण आधीचे कर्ज वेळेत फिटले होते का, हे दिसले नसते. म्हणून उदाहरणात तो एप्रिल २०१९ पासूनचा घेतला आहे.

फोटोबद्दल दोन शब्द. पाण्यात उभ्या तुरीचा फोटो पाणी दाखवतो. ते शेत कुणाचे, गट कोणता आणि दिवस कुठला, हे तो आपण होऊन सांगत नाही. म्हणून क्षेत्राच्या पुराव्यासाठी पंचनामा लावावा. फोटो लावायचाच असेल, तर मागे गट क्रमांक व तारीख लिहून तो पंचनाम्याच्या जोडीला लावावा, त्याच्या जागी नव्हे.

पंचनाम्याची नक्कलही वेळेत मागावी लागते. २०२० साली तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामे केले. याद्या तहसीलला गेल्या. खातेदाराच्या हातात त्या वेळी बहुधा काही दिले जात नाही. पंचनामा होताना आपण शेतावर हजर राहावे, क्षेत्र व पीक कसे लिहिले ते पाहावे, आणि पुढे तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन आपल्या नोंदीची नक्कल मागावी. नक्कल मिळायच्या आत अर्ज देण्याची मुदत संपत असेल, तर यादीत तसे सरळ लिहावे : 'सहपत्र ५ : नक्कल मागितली आहे, मागणी अर्जाची पोहोच दिनांक (…) सोबत जोडली आहे, नक्कल मिळताच सादर करीन.' नसलेला कागद जोडल्याचे कधीही लिहू नये.

आपल्या विरुद्ध जाणारा कागद

घरात इथे वाद होतो. मालकीण म्हणते, "उडदाचे पैसे आले ते कशाला सांगायचे? आणि माझ्या दुधाचे पैसे तर मुळीच दाखवू नका." तिचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण सातबाऱ्यावर उडीद आहे आणि पासबुकात दूध आहे. हे दोन्ही कागद आपण स्वतःच जोडणार आहोत. वाचणाऱ्याला ते दिसणार. त्याला शोधून काढावे लागले, तर आपण लपवले असे होते. आपण आधीच लिहिले, तर तो खूण करून पुढे जातो.

दुधाच्या बाबतीत आपण काय लिहिले, ते पुन्हा पाहा. जमा किती झाली, हे पासबुक दाखवते. पण ते पैसे पेंड, किराणा, मुलांच्या शाळेत खर्च होतात, याचा कागद आपल्याकडे नाही. म्हणून 'हे माझे स्वतःचे निवेदन आहे' असे स्पष्ट म्हटले. कागद असलेले आणि कागद नसलेले विधान वेगळे ठेवले, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्हींची किंमत नीट करता येते.

मेळ न बसणारी नावे आणि रकाने

नावांचा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. सातबाऱ्यावर सिद्धाराम, पासबुकात सिद्राम. एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर आजोबांचे. हा फरक आपल्याला दिसतही नाही, कारण दोन्ही नावांनी आपल्याला गावात हाक मारतात. बँकेला मात्र ती दोन माणसे वाटू शकतात. असा फरक असेल तर यादीखाली एक ओळ लिहावी : 'सहपत्र ३ वरील सिद्धाराम व सहपत्र ६ वरील सिद्राम ही एकाच व्यक्तीची, म्हणजे माझी, नावे आहेत.' बँकेने मागितले तर तसे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि जमेल तेव्हा नोंदच दुरुस्त करून घ्यावी.

पीकपेऱ्याचेही तसेच. २०२० साली पीकपाहणी तलाठी नोंदवीत असत, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून पीक नोंदवायचे असे झाले. हंगामात ही नोंद राहून गेली, तर सातबाऱ्याचा पिकाचा रकाना रिकामा निघू शकतो. मग 'सोयाबीन होते' या वाक्याला मुख्य कागदच उरत नाही. पुराच्या अर्जाची तयारी अशी पेरणीनंतरच सुरू होते.

आपल्यापैकी काहींची थोडी जमीन सीमेपलीकडे आळंद-अफझलपूर भागात असते. तिथला उतारा, ज्याला 'पहाणी' म्हणतात, कन्नडात असतो. तो लावताना यादीत मराठीतून गाव, सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्र लिहावे, आणि उताऱ्यावर ते आकडे कुठे आहेत तिथे खूण करावी.

सातबारा शक्यतो डिजिटल सहीचा घ्यावा. त्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून बँकेला उतारा खरा की खोटा हे जागेवर बसून पाहता येते. हा क्रमांक यादीतही लिहिला, तर त्याला कुणावर विश्वास ठेवण्याची गरजच राहत नाही.

देण्याआधी घरात करायची तपासणी

अर्ज लिहून झाला की तो घरातल्या शिकणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्यावा. वर्षभराचे कागद सांभाळणाऱ्या आईने ट्रंकेतून मूळ कागद काढावेत. मुलीने अर्जातले एकेक वाक्य मोठ्याने वाचावे, त्यापुढचे सहपत्र काढावे आणि तो आकडा त्यात खरोखर आहे का ते बोट ठेवून पाहावे. आकडा सापडला नाही तर तो कागद बदलावा, किंवा वाक्य बदलावे.

मग उलट बाजूने जावे. यादीतला एकेक कागद घ्यावा आणि तो अर्जातल्या कोणत्या वाक्यासाठी आहे ते विचारावे. कुठल्याच वाक्यासाठी नसेल तर तो काढून टाकावा. लग्नपत्रिकेपासून रेशनकार्डापर्यंत सगळे जोडले म्हणजे अर्ज भक्कम होतो, ही समजूत चुकीची आहे. जास्तीच्या कागदात एखादा वेगळा आकडा असतो आणि नवाच प्रश्न उभा राहतो.

शेवटी बेरजा पाहाव्यात. १ हेक्टर २० आर अधिक ८० आर म्हणजे २ हेक्टर. त्यात ४० आर मिळवले की २ हेक्टर ४० आर, म्हणजे आठ-अ वरचे क्षेत्र. १४,५०० अधिक १०,००० म्हणजे २४,५००. पाने एक, दोन, दोन, एक, दोन, दोन, एकूण १०. या बेरजा बँकेत कुणीतरी करणारच आहे. त्या आपल्या ओसरीवर आधी झालेल्या बऱ्या.

पोहोच

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर यादी असावी. मूळ कागद देऊ नयेत, दाखवून परत घ्यावेत. आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. शक्य झाले तर 'सहपत्रे १ ते ६ मिळाली' असेही लिहून मागावे. टपालाने पाठवायचे तर स्पीड पोस्टाने, पोहोच मागवून पाठवावे. पण लक्षात ठेवा, टपालाची पावती पाकीट पोहोचल्याचे सांगते, पाकिटात काय होते ते सांगत नाही. ते आपल्या प्रतीवरची यादी सांगते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. यादी चोख असली म्हणून मागणी मंजूर होतेच असे नाही. आपले गाव वा पीक सवलतीत बसते का, हे शासन आणि बँकांच्या वरच्या पातळीवरच्या निर्णयावर ठरते. यादी तो निर्णय बदलू शकत नाही. पण निर्णय आपल्या बाजूने असताना केवळ कागदात मेळ नाही म्हणून अर्ज परत येणे, हे मात्र ती टाळते. आणि अर्ज नाकारलाच गेला, तर कोणत्या क्रमांकाच्या विधानावर नाकारला, असे आपल्याला लेखी विचारता येते. उत्तर एका सहपत्राकडे बोट दाखवून द्यावे लागते. मग दुरुस्त करायचा कागद कोणता, हेही आपल्याला समजते.